डोळ्यांपुढें उडणाऱ्या माशा

वय पन्नाशीच्या पुढें गेलें म्हणजे एखाद्या सकाळीं गच्चीवर उभें राहून आकाशाकडे पाहत असतां डोळ्यांपुढून एखादा बारीक काळा ठिपका किंवा कोळिष्टकाचा तुकडा तरंगत जातो. हातानें झटकूं गेलें तर हाताला कांहीं लागत नाहीं. डोळा फिरविला कीं तोहि फिरतो आणि डोळा स्थिर केला कीं तो संथपणें खालीं उतरतो. यालाच आपल्या घरांतील वडील मंडळी डोळ्यांपुढें माशा उडणें असें म्हणतात. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत तिमिर रोगाचें वर्णन करतांना माशा, चिलटें, केस व जाळीं दिसूं लागतात असें सांगितलें आहे. आणि लॅटिन भाषेंतहि या लक्षणास उडत्या माशा याच अर्थाचें नांव आहे. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच उपमा सुचावी, यावरून हें लक्षण किती सार्वत्रिक आहे तें दिसून येईल.

या माशा बहुधा निरुपद्रवी असतात. डोळ्याच्या पोकळींत आरारुटाच्या घट्ट लापशीसारखा जो पारदर्शक पदार्थ भरलेला असतो, त्याला काचाभ द्रव म्हणतात. वयोमानानें हा द्रव आकसतो, त्यांतील तंतूंच्या गुठळ्या होतात व त्यांची सावली मागील पडद्यावर पडते. ती सावलीच आपणांस दिसते, माशी नव्हे. ज्यांना लांबचें दिसत नाहीं व म्हणून चष्मा लागतो, त्यांना हा प्रकार इतरांहून लौकर अनुभवास येतो. कांहीं आठवड्यांत मनाला त्याची संवय होऊन जाते. त्याबरोबर विजेसारख्या चमका दिसल्या किंवा एका बाजूनें पडदा ओढल्यासारखें झालें, तर मात्र आंतील पडदा फाटला असण्याचा संभव असतो आणि त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे गेलें पाहिजे.

आम्हांस आज लिहावयाचें आहे तें दुसऱ्याच माशांविषयीं. त्या तरुण माणसालाहि दिसतात, एकदोन नसून पुष्कळ असतात, दिवसागणिक वाढतात, आणि चारआठ दिवसांत त्यांचें धुकें होऊन अक्षरें अस्पष्ट होतात. या माशा म्हाताऱ्या झालेल्या काचाभ द्रवाच्या नव्हेत. त्या रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या आहेत. कोठें तरी आंत शत्रू शिरला आहे आणि त्याच्यावर चालून गेलेलें सैन्य आपल्या दृष्टीच्या वाटेंत उभें राहिलें आहे, असा त्यांचा अर्थ.

हें समजण्यासाठीं डोळ्याची थोडी ओळख हवी. नेत्रगोलाचे तीन थर आहेत. बाहेर पांढरें, चिवट कवच; सर्वांत आंत प्रकाश टिपणारें नाजूक दृष्टिपटल; आणि या दोहोंमध्यें रक्तवाहिन्यांनीं गच्च भरलेला काळसर थर. या मधल्या थराला पाश्चात्त्य वैद्यांनीं यूव्हिआ, म्हणजे द्राक्ष, असें नांव दिलें. कारण बाहेरचें कवच सोलून काढलें तर उरलेला भाग काळ्या द्राक्षासारखा दिसतो. त्याचा पुढचा भाग म्हणजे बाहुलीभोंवतीचें रंगीत कडें व मागचा भाग म्हणजे दृष्टिपटलाच्या पाठीशीं पसरलेलें रंजितपटल. या थराचा दाह म्हणजे यूव्हिआयटिस. पुढच्या भागाचा दाह झाला तर डोळा लालभडक होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाहीं; तेव्हां घरांतील मंडळी रोग्याला तांतडीनें वैद्याकडे नेतात. मागच्या भागाची गोष्ट निराळी. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहींत. डोळा पांढराशुभ्र, दुखणें नाहीं, पाणी नाहीं. केवळ माशा व धूसरपणा. म्हणून माणूस आधीं चष्म्याच्या दुकानांत जातो, मग डोळ्यांत गुलाबपाणी घालून पाहतो, आणि तिसऱ्या आठवड्यांत आमच्याकडे येतो.

मागच्या भागाच्या दाहाचीं कारणें अनेक आहेत. पण जंतुजन्य कारणांत आपल्या देशांत दोन विशेष ध्यानांत ठेवण्याजोगीं: टॉक्सोप्लाझ्मा व क्षय. दोघांचें पहिलें लक्षण एकच, दोघांची औषधें मात्र अगदीं वेगळीं. आणि एकच चुकीचा उपाय दोघांनाहि सारखाच पोसतो. तो उपाय कोणता, हें एका रुग्णाच्या हकीगतीवरूनच सांगणें बरें. पुढील दोन्ही हकीगती अनेक रुग्णांच्या अनुभवांतून जुळविलेल्या आहेत. त्यांत कोणा एका व्यक्तीस ओळखूं जाऊं नये.

तालुक्याच्या गांवीं मुलींच्या शाळेंत शिकविणाऱ्या एक सव्वीस वर्षांच्या बाई. सहामाही परीक्षेचे पेपर तपासतांना पांढऱ्या कागदावर ठिपके पळूं लागले. शाईचे डाग समजून त्यांनीं प्रथम कागद पुसून पाहिला. चार दिवसांनीं उजव्या डोळ्यानें पाहिलें कीं कागदावर वाफ धरल्यासारखी दिसूं लागली. गांवांतील एका डॉक्टरांनीं आंत सूज आहे इतकें बरोबर ओळखलें आणि सूज उतरविणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज चाळीस मिलिग्रॅम, सुरू केल्या. पांचसहा दिवस धुकें विरळ झालें. बाईंच्या सासूबाईंनीं डॉक्टरांची तारीफहि केली. नंतर धुकें पुन्हां दाटलें, तें पहिल्याहून अधिक. अठराव्या दिवशीं त्या आमच्याकडे आल्या तेव्हां उजव्या डोळ्यानें सहा मीटरांवरील फळ्यावरचें सर्वांत वरचें एकच मोठें अक्षर काय तें वाचतां येत होतें.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून आंत पाहिलें. काचाभ द्रव पेशींनीं गढूळ झालेला, आणि त्या गढूळपणांतून एक पांढराशुभ्र गोळा चमकत होता. पावसाळ्यांत खंडाळ्याच्या घाटांत धुक्यांतून समोरून येणाऱ्या मोटारीचा दिवा जसा दिसतो, हुबेहूब तसा. नेत्रवैद्यकाच्या ग्रंथांतहि ही धुक्यांतील दिव्याची उपमा रूढ आहे. त्या पांढऱ्या गोळ्याला लागूनच एक जुना, काळ्या कडांचा, आंत फिकट असा व्रण होता. बाईंना त्याची कधींच दाद नव्हती. हें जोडचित्र दिसलें कीं निदान जवळजवळ झालेंच: जुन्या व्रणाच्या कडेला पेटलेला नवा विस्तव म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा.

हा टॉक्सोप्लाझ्मा एक सूक्ष्म, एकपेशीय परोपजीवी आहे. धनुष्यासारखा वांकडा म्हणून त्याला ग्रीक भाषेंतील धनुष्यवाचक शब्दावरून नांव मिळालें. १९०८ सालीं ट्यूनिस येथें निकोल व मांसो यांना तो एका रानटी उंदरासारख्या प्राण्यांत सांपडला. शरीरांत शिरला म्हणजे पहिल्यानें तो झपाट्यानें वाढतो. शरीराची प्रतिकारशक्ति जागी झाली कीं तो कवच करून घेऊन मेंदूंत, स्नायूंत व दृष्टिपटलांत निजून राहतो. हें निजणें जन्मभराचें असतें, आणि आज उपलब्ध असलेलें कोणतेंहि औषध त्या कवचांतील जंतूंना निःशेष करूं शकत नाहीं. वर्षानुवर्षांनीं एखादें कवच फुटतें व व्रणाच्या कडेला नवी जखम होते. बाईंचा जुना व्रण त्या आईच्या पोटांत असतांनाचा किंवा लहानपणचा असावा. कोणता, हें व्रणाकडे पाहून सांगतां येत नाहीं.

आतां स्टेरॉइडनें काय केलें तें पाहा. धुकें हें रोगाचें नव्हे, तर रोगाशीं लढणाऱ्या पेशींचें होतें. स्टेरॉइडनें त्या पेशींना मागें हटविलें म्हणून धुकें विरळ झालें व रोग्याला बरें वाटलें. पण जंतूला रान मोकळें मिळालें. तीन आठवड्यांत तो पांढरा गोळा वाढून पीतबिंदूच्या, म्हणजे ज्या इवल्याशा जागेनें आपण वाचतों त्या जागेच्या, अगदीं जवळ येऊन ठेपला होता. स्टेरॉइड हें वाईट औषध नव्हे. जंतुनाशक औषधाच्या संरक्षणाशिवाय एकटें देणें हें वाईट. गोळीपेक्षांहि डोळ्याभोंवती सांठवून ठेवण्याचें दीर्घकाळ टिकणारें इंजेक्शन अधिक घातक, कारण गोळी बंद करतां येते, आंत सोडलेलें औषध परत काढतां येत नाहीं.

रक्ताची तपासणी केली, तींत टॉक्सोप्लाझ्माविरुद्धचीं जुनीं प्रतिद्रव्यें आढळलीं. या निकालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तीं आढळलीं म्हणजे जंतू केव्हां तरी शरीरांत आला होता, एवढेंच. आणि असे लोक लाखोंनीं आहेत, ज्यांचे डोळे उत्तम आहेत. उलट तीं मुळींच नसतीं तर आमच्या निदानावर मोठी शंका आली असती. म्हणजे ही तपासणी दोष सिद्ध करण्यापेक्षां निर्दोषत्व सिद्ध करण्यास अधिक उपयोगी. त्याच रक्तांत उपदंशाचीहि तपासणी केली. तो रोग डोळ्यांत कोणतेंहि सोंग घेऊं शकतो म्हणून ती प्रत्येकाचीच करावी लागते. तींत कोणी अपमान मानूं नये. चित्र संशयास्पद असेल तर डोळ्याच्या पुढच्या भागांतून पाण्याचा एक थेंब सुईनें काढून त्यांत जंतूचा अंश शोधतां येतो. बाईंच्या बाबतींत त्याची गरज पडली नाहीं.

सल्फा औषधांची वावडी नाहीं याची खात्री करून ट्रायमेथोप्रिम व सल्फामेथॉक्साझोल यांची जोडगोळी, अनुक्रमें १६० व ८०० मिलिग्रॅम, दिवसांतून दोनदां सुरू केली. स्टेरॉइडचा डोस आधीं आम्हीं खालीं आणला. जंतुनाशक रक्तांत मुरण्यास तीन दिवस दिल्यावर त्याच्या छत्राखालीं तो पुन्हां वाढविला आणि दर आठवड्यास उतरवीत नेला. जंतुनाशक सहा आठवडे चाललें. स्टेरॉइड त्याच्या आधीं संपलें, मागून नव्हे. तिसऱ्या आठवड्यांत धुकें फांकलें. दोन महिन्यांनीं पांढऱ्या गोळ्याच्या जागीं काळ्या कडेचा एक नवा व्रण उरला. आज बाई उजव्या डोळ्यानें खालून तिसरी ओळ वाचतात, मात्र पाहतात त्याच्या किंचित् डावीकडे एक काळा ठिपका कायमचा आहे. तो आतां हलत नाहीं. हलणारी माशी द्रवांतील असते. एका जागीं खिळलेला ठिपका पडद्यावरील व्रणाचा असतो. हा फरक वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. सशक्त माणसांत टॉक्सोप्लाझ्माचा हल्ला औषधाशिवायहि बहुधा सहाआठ आठवड्यांत आपोआप शमतो. त्यामुळें जखम लहान असेल व पीतबिंदूपासून आणि दृष्टिचेतेपासून दूर असेल, तर जाणता नेत्रवैद्य केव्हां केव्हां नुसतें पाहत राहतो. औषध द्यावयाचें तें पीतबिंदू वांचविण्यासाठीं. शिवाय एकदां हल्ला झाला कीं पुढील एकदोन वर्षांत पुन्हां होण्याचा संभव अधिक, म्हणून ज्यांचा व्रण पीतबिंदूला लागून आहे त्यांना हीच गोळी दर दोनतीन दिवसांनीं एक याप्रमाणें वर्षभर देण्याची पद्धत ब्राझील देशांतील प्रयोगांवरून रूढ होत आहे. तिनें त्या काळांत पुनरावृत्ति कमी होते.

बाईंच्या यजमानांनीं आम्हांस एक मार्मिक प्रश्न केला. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसांतून हा जंतू येतो असें त्यांनीं कोठें तरी वाचलें होतें. "आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मांस शिजलेलें नाहीं, मांजरहि पाळलेलें नाहीं, मग हें आलें कोठून?" असें ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. या जंतूचें खरें माहेर मांजराचें आंतडें, हें १९७० च्या सुमारास सिद्ध झालें. लागण झालेलें मांजर बहुधा आयुष्यांतून एकदांच, एकदोन आठवडे, विष्ठेतून जंतूचीं अंडुकलीं टाकतें. पण तीं लाखोंनीं असतात व ओल्या मातींत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. त्या मातींतून तीं पालेभाजीला, कोथिंबिरीला, गाजर-मुळ्यांना चिकटतात, आणि पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यांत उतरतात. तामिळनाडूंत कोइमतूर येथें २००४-०५ च्या सुमारास डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्माची सांथ उद्भवली. दोनशेंहून अधिक लोकांचे डोळे बिघडले, आणि संशय गेला तो नगरपालिकेच्या पिण्याच्या पाण्यावर. या जंतूच्या अंडुकल्यांना क्लोरीन मारूं शकत नाहीं; उकळी मारते. म्हणजे सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांतहि न उकळलेलें पाणी व नीट न धुतलेली कोशिंबीर या दोन वाटा उघड्याच राहतात. घरांतील मांजर मात्र यासाठीं हांकून देण्याचें कारण नाहीं. घरीं शिजविलेल्या दूधभातावर वाढलेल्या व उंदीर न मारणाऱ्या मांजरापासून भय अत्यल्प, आणि त्याची घाण रोजच्या रोज काढली तर त्याहून कमी. कारण अंडुकलीं घातक होण्यास निदान एक दिवस तरी लागतो. तें काम गरोदर स्त्रीनें करूं नये, इतकाच निर्बंध पुरे.

गरोदरपणाचा उल्लेख आला म्हणून सांगतों. गर्भास धोका असतो तो मुख्यतः आईला त्याच गरोदरपणांत पहिल्यानें लागण झाल्यास. जुना व्रण असलेल्या व अन्यथा सशक्त असलेल्या स्त्रीचें मूल तिच्या जुन्या प्रतिद्रव्यांनीं जवळजवळ सुरक्षित असतें. पुष्कळ सासरीं या व्रणाचें नांव निघतांच सुनेविषयीं जी कुजबुज होते, ती अज्ञानमूलक आहे.

आतां दुसऱ्या शत्रूकडे वळूं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रौढ माणसाच्या दृष्टिपटलावर पांढरा दाह दिसला कीं युरोप-अमेरिकेंतील वैद्य बहुधा क्षय असें निदान करीत. १९५२ सालीं अमेरिकेंतील हेलेनॉर वाइल्डर या विदुषीनें अशा दाहासाठीं काढून टाकलेले व क्षयाचे किंवा उपदंशाचे म्हणून जपून ठेवलेले डोळे पुन्हां सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, आणि पन्नासाहून अधिक डोळ्यांत तिला टॉक्सोप्लाझ्मा सांपडला. तेव्हांपासून तिकडे लंबक उलट बाजूस गेला. डोळ्यांतील क्षय ही जुनी समजूत ठरली. पण जो निष्कर्ष क्षय ओसरलेल्या देशांत शोभतो तो जसाच्या तसा आपल्याकडे आणणें घातक आहे. आपल्या देशांत क्षय आहे, पुष्कळ आहे, आणि डोळ्यांतहि आहे.

दुसरे रुग्ण चौतीस वर्षांचे, मुंबईतील एका बँकेंत नोकरीस असलेले गृहस्थ. डाव्या डोळ्यापुढें बारीक ठिपके व आंकड्यांच्या रकान्याचा मधलाच भाग पुसट. आकडे वाचण्याचाच धंदा, त्यामुळें उणीव लौकर कळली. सहा महिन्यांत तीन वेळां निरनिराळ्या ठिकाणीं स्टेरॉइड घेतलें. तिन्ही वेळां बरें वाटलें आणि गोळ्या संपतांच पंधरा दिवसांत रोग पुन्हां उभा राहिला. खोकला नाहीं, ताप नाहीं, वजन घटलेलें नाहीं. छातीचा साधा फोटो स्वच्छ.

डोळ्यांत पाहिलें तर येथें घाटांतील धुकें नव्हतें, विरळ पेशी होत्या. पांढरा चमकणारा गोळाहि नव्हता. दृष्टिपटलाच्या खालीं, म्हणजे रंजितपटलांत, पिवळट करडे डाग होते, आणि दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या त्या डागांवरून स्वच्छ, अखंड जात होत्या. जणूं गालिच्याखालीं ओल पसरली आहे व वरची नक्षी शाबूत आहे. टॉक्सोप्लाझ्मा नक्षीच जाळतो. क्षय बहुधा जमिनीकडून वर येतो. ते डाग एकमेकांत मिसळून सर्पाकृति झाले होते. मध्यें बरें झालेलें, कडेला पिवळट व जिवंत, गजकर्णासारखें पसरत जाणारें. जुन्या व्रणाला चिकटलेला एक गोळा नव्हे, तर अनेक ठिकाणीं उमटून पसरणारी वेल.

क्षयाचा जंतू येथें येतो कसा? फुप्फुसांत शिरलेला जंतू रक्ताबरोबर शरीरभर फिरतो, आणि रंजितपटलांतून वाहणारें रक्त त्याच्या आकाराच्या मानानें शरीरांत इतरत्र क्वचितच आढळेल इतकें विपुल आहे. फुप्फुसांतील जखम पुढें भरूनहि येते. डोळ्यांत अडकलेले थोडेसे जंतू मात्र मागें राहतात, आणि त्यांच्याविरुद्ध शरीराचा जो संताप उसळतो तोच बराचसा नाश करतो. म्हणून डोळ्याच्या क्षयाच्या बहुतेक रोग्यांना खोकला नसतो, आणि अशा रोग्यापासून घरांतल्या कोणालाहि लागण होत नाहीं. फुप्फुसें निर्दोष आहेत अशी खात्री झाल्यावर त्याची ताटवाटी वेगळी करणें, मुलांना त्याच्याजवळून दूर नेणें, हें निव्वळ क्रौर्य होय. या गृहस्थांच्या घरीं तें घडलें होतें. त्यांच्या धाकट्या भावाचें ठरत आलेलें लग्नहि त्या शब्दापायीं लांबणीवर पडलें होतें.

या निदानांतील खरी अडचण पुराव्याची आहे. फुप्फुसाच्या क्षयांत थुंकींत जंतू दाखवितां येतो. डोळ्यांतून तुकडा काढावयाचा तर दृष्टीच जावयाची. थेंबभर पाण्यांत जंतूचा अंश सांपडला तर उत्तम, पण क्षय असूनहि तो वारंवार सांपडत नाहीं. मग उरते ती परिस्थितिजन्य साक्ष. या गृहस्थांच्या हातावर मांटूची सुई टोंचली, बहात्तर तासांनीं कठीण उंचवटा वीस मिलिमीटर भरला. रक्तावरील इग्रा तपासणीहि क्षयाच्या बाजूनें आली. पण आपल्या देशांत असंख्य निरोगी प्रौढांच्या शरीरांत क्षयाचा जंतू निजलेला असतो, त्यांचाहि उंचवटा भरतो. म्हणून नुसत्या हातावरच्या सुजेवरून कोणाला क्षयाचीं औषधें सुरू करणें आम्हांस मान्य नाहीं. छातीचें सीटी स्कॅन केलें, त्यांत दोन फुप्फुसांच्या मधल्या गांठी वाढलेल्या दिसल्या, ज्या साध्या फोटोंत दिसल्या नव्हत्या. उपदंश नव्हता. सार्कॉइड नांवाचा एक रोग अशाच गांठी उत्पन्न करतो, पण त्यांत मांटूची सूज बहुधा येतच नाहीं. सर्पाकृति डाग, दोन्ही तपासण्या, छातींतील गांठी, आणि प्रत्येक वेळीं नुसत्या स्टेरॉइडनंतरची पुनरावृत्ति: एकेकटी साक्ष लंगडी, पण चारही एकाच दिशेला बोट दाखवीत होत्या. तेवढ्यावर आम्हीं क्षयाचा निर्णय केला. यापेक्षां पक्का पुरावा डोळ्याच्या बाबतींत क्वचितच मिळतो.

चार औषधें दोन महिने, नंतर त्यांतील निवडक पुढें, असा एकूण नऊ महिन्यांचा क्रम ठरला. हीं औषधें सरकारी क्षयरोग केंद्रांत विनामूल्य मिळतात. बरोबर स्टेरॉइड होतेंच, पण छत्राखालीं. रिफँपिसिन हें औषध यकृताकडून स्टेरॉइडचा फडशा लौकर पाडवितें, म्हणून स्टेरॉइडची मात्रा त्या हिशेबानें ठेवावी लागते. त्याच औषधानें लघवी नारिंगी होते, त्याची भीति नको. भूक मेली, मळमळूं लागलें किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशीं कळविलें पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यांत गृहस्थ घाबरलेले आले. पुसट भाग वाढला होता, आणि डागांची एक कड पुढें सरकली होती. औषध लागू पडत नाहीं, निदान चुकलें, असें त्यांना वाटलें. घरांतून तर गोळ्या बंद करून गांवच्या वैद्याकडे जाण्याचा आग्रह झाला. वस्तुतः औषधानें जंतू मरूं लागले कीं त्यांच्या अवशेषांविरुद्ध शरीराचा संताप कांहीं दिवस वाढतो. पहिल्या कांहीं आठवड्यांतील अशा बिघाडांत क्षयाचीं औषधें तशींच चालू ठेवून स्टेरॉइड थोडें वाढवावें लागतें. तसें केलें, आणि सहाव्या आठवड्यांत कड विझली. दोनतीन महिने योग्य औषध घेऊनहि सुधारणा दिसली नसती, तर मात्र निदान मुळापासून पुन्हां तपासणें हें आमचें कर्तव्य झालें असतें.

एक काळजी शेवटपर्यंत घ्यावी लागली. चार औषधांतील ईथांब्युटॉल हें क्वचित् दृष्टिचेतेलाच बाधतें, म्हणजे डोळा वांचविण्याच्या औषधानेंच डोळा जावयाचा. मात्रा वजनावरून, दर किलोस सुमारें पंधरा मिलिग्रॅम अशी बेतली, आणि दर महिन्यास दोन्ही डोळ्यांची वाचण्याची ओळ व रंगांची पारख तपासली. घरींहि त्यांना एक सोपी परीक्षा शिकविली. एक डोळा हातानें झांकावयाचा, भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकोनांकडे पाहावयाचें, रेषा वांकड्या दिसतात कीं काय, एखादा चौकोन पुसट होतो कीं काय तें पाहावयाचें, रविवारचे तांबडे आंकडे फिकट तर वाटत नाहींत हें पाहावयाचें, आणि मग दुसरा डोळा झांकावयाचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही परीक्षा केली तर व्यर्थ. चांगला डोळा वाईट डोळ्याचें उणें भरून काढतो आणि महिनोन्‌महिने तें कळतहि नाहीं. या गृहस्थांच्या उजव्या डोळ्यांत एक लहानसा, बरा झालेला डाग आम्हांस पहिल्याच दिवशीं आढळला होता. त्या डोळ्यालाहि केव्हां तरी माशा दिसल्या असतील. त्यांना आठवत नव्हतें.

नऊ महिने पुरे होऊन आतां दोन वर्षें झालीं. रोग उलटलेला नाहीं. डाव्या डोळ्याच्या मध्याशेजारीं एक रिकामी जागा राहिली आहे, आणि आंकड्यांचा रकाना वाचतांना ते मान किंचित् तिरपी करतात. धाकट्या भावाचें लग्न गेल्या वैशाखांत झालें.